पत्रातला सातवा मुद्दा

स्नेहसंमेलनाचं पत्र लिहायचं काम दर वर्षी चित्रकलेच्या बाईंच्याच गळ्यात पडायचं. त्यांचं अक्षर सुरेख होतं हे त्याचं सांगितलं जाणारं कारण. न सांगितलं जाणारं कारण असं की बाईंना नाही म्हणता येत नसे. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकदम वह्यांत डोकं घालत आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसून चित्रकलेच्या बाईंकडे बघत.

या वर्षी बाईंनी आठवीच्या तासाआधी अर्धा तास काढून मसुदा केला. कार्यक्रम कधी, पालक किती येतील, मंच, ध्वनी, बक्षिसं यांना अंदाजे किती लागेल, हे सगळं मांडून खाली ‘मुख्य प्रायोजकास मिळणारे लाभ’ लिहिले. निमंत्रणपत्रिकेवर नाव, मंचामागच्या पडद्यावर नाव, स्मरणिकेच्या मागच्या पानावर जाहिरात, सूत्रसंचालनात तीनदा उल्लेख, पहिल्या रांगेत दोन जागा, आणि बक्षीस समारंभात मंचावर सत्कार.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सहाच? पलीकडच्या शाळेनं म्हणे दहा दिलेत. अहो, देणारा माणूस यादीची लांबी बघतो. फाइलमध्ये जुनं पत्र असेल, त्यातले घ्या दोन-चार.”

तास सुरू व्हायला सात मिनिटं होती. बाईंनी कपाटातून जावक पत्रांची जाडजूड फाइल काढली, तीन वर्षांपूर्वीचं पत्र शोधलं आणि उभ्या उभ्याच चार ओळी उतरवून घेतल्या. सातवी ओळ होती, ‘शाळेच्या दर्शनी भिंतीवर वर्षभर जाहिरातीस जागा.’ ती कुणी कधी मागितली नव्हती. असल्या ओळी पत्रात भरतीला असतात, एवढंच बाईंच्या मनात होतं. कारकुनाने मसुदा टाइप केला, जावक क्रमांक घातला, मोठ्या बाईंनी सही केली, शिक्का बसला. तीन माणसांच्या हातांतून पत्र गेलं आणि एकालाही आठवलं नाही की तीन वर्षांपूर्वी ती भिंत कोरी होती.

आता ती कोरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी बाईंनी सहावीच्या एक्केचाळीस मुलांना त्या भिंतीवर आपापल्या घराचं दार काढायला सांगितलं होतं. लोखंडी दारं, लाकडी दारं, जाळीची, कुलूप लावलेली, बाहेर चपलांचा ढीग असलेली. एका दारावर दूधवाल्यासाठी चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा होती. प्रत्येक दाराखाली मुलाचं नाव. चित्र पुरं झालं त्या दिवशी बाई मुलांना म्हणाल्या होत्या, “तुम्ही दहावी होऊन बाहेर पडाल ना, तोवर ही दारं इथून हलणार नाहीत. माझा शब्द.”

शब्द देणं बाईंना सोपं वाटत नसे. रोज सकाळी फाटकातून आत येताना त्या भिंतीपाशी क्षणभर थांबत, देवघरापाशी थांबावं तशा, आणि मग हजेरीवर सही करायला जात.

पत्र घेऊन त्या चार दुकानांत फिरल्या. चष्मेवाल्याने “मंदी आहे” म्हणून हात जोडले, गाद्यांच्या दुकानदाराने पत्र गल्ल्याखाली सरकवलं. चौकातल्या रंगाच्या दुकानदाराने मात्र त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं. इतकं मन लावून बाईंचं कुठलंही पत्र कुणी वाचलं नव्हतं. त्यांना बरंच वाटलं.

“सातवा मुद्दा चांगला आहे,” तो म्हणाला.

“हो का?” बाई म्हणाल्या. कोणता सातवा, हे त्यांना त्या वेळी आठवत नव्हतं.

दोन दिवसांत त्याचा माणूस धनादेश आणि संमतिपत्र घेऊन शाळेत आला. मोठ्या बाईंनी पावती फाडली, त्याच दुपारी मंचवाल्याला आणि ध्वनीवाल्याला होकार कळवला. संमतिपत्रात लिहिलं होतं, ‘आम्हांस लाभ क्र. ७ प्राधान्याने हवा आहे. काम पुढच्या शुक्रवारी सुरू करू. भिंतीची डागडुजी व पांढरा रंग आमच्यातर्फे विनामूल्य.’

बाईंनी ते वाचलं. त्यांनी फाइल उघडली, आपल्याच पत्राची प्रत पाहिली. ओळ होती. त्यांनीच उतरवलेली, शिक्क्याच्या जरा वर.

“अहो, मला तरी कुठं आठवलं,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. “पण आता पत्र माझ्या सहीनं गेलंय. पैसे घेतले, पुढे दिलेसुद्धा. मी त्यांना काय सांगू, शाळेनं लिहिलेलं शाळाच पाळत नाही?”

“मी मुलांना शब्द दिलाय.”

“मुलं समजून घेतात बाई. मोठी माणसं घेत नाहीत.” मग त्यांनीच सुचवलं, “तुम्ही जाऊन बोलून बघता का? तुमचं ऐकतील कदाचित.”

बाई गेल्या. दुकानात रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास दाटला होता. दुकानदार एका गिऱ्हाईकाला सांगत होता, “आधी पापुद्रा खरवडा, मग रंग. नाहीतर पहिल्या पावसात सगळं हातात येईल.” बाईंना बघून त्याने खुर्ची पुसली.

“शेठ, त्या भिंतीवर मुलांचं चित्र आहे.”

“माहीत आहे ना. रोज त्याच रस्त्यानं जातो मी. गोड आहे चित्र. पण रंग उडालाय हो, स्वस्तातला घेतला होता का?”

“जो मिळाला तो घेतला.”

“तेच म्हणतो. वर्षभरात तसंही ते जाणारच.” तो खरोखर हळहळून बोलत होता. “तुम्ही एक करा, नीट फोटो काढून ठेवा. आणि मुलांना मी रंगाच्या पेट्या देतो, जितकी दारं तितक्या. झालं?”

“तुमची जाहिरात दुसऱ्या भिंतीवर करता येईल? मागच्या बाजूला मोठी भिंत आहे.”

“मागे कोण बघणार बाई? गटार आणि सायकली?” तो हसला, मग बाईंचा चेहरा बघून थांबला. “खरं सांगू का, माझ्या हातात असतं तर केलंही असतं. भिंत मी घेतली, पण रंगवणार रंगाची कंपनी. कंपनीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. चाळीस फूट, सलग. वर कंपनी, खाली माझं दुकान.”

“एक कोपरा तरी सोडायला सांगा. वरच्या दोन रांगा गेल्या तरी चालतील.”

त्याने बाईंसमोरच फोन लावला. पलीकडून आवाज ऐकू येत होता, तरुण, घाईतला. सलग म्हणजे सलग, असं तो म्हणाला. फोटो वर पाठवायचा असतो, मध्ये काही दिसलं तर बिल अडकतं. दुकानदाराने फोन ठेवला आणि दोन्ही हात पसरले.

“बघा. मी वाईट माणूस नाही बाई.”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. तो नव्हताच. तो वाईट असता तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “तू कधी कुणाला नाही म्हणायला शिकली असतीस तर हे पत्र गणिताच्या सरांनी लिहिलं असतं,” तो म्हणाला. “आणि त्यात लाभ सोडून सगळं असतं, बेरजेसकट.” बाईंना हसू आलं नाही. तेव्हा त्याने उठून स्वतः चहा टाकला, पण साखर विसरला. दोघांनी तसाच प्यायला.

मुलांना सांगायचं बाईंनी सोमवारी ठरवलं, मग मंगळवारी. आठवीच्या वर्गात त्या गेल्या की मुलं नाचाच्या तालमीबद्दल, पोशाखांबद्दल एकदम बोलू लागत आणि बाई फळ्याकडे वळत. गुरुवारी त्यांनी खडू हातात घेऊन सांगितलं. पत्र कुणी लिहिलं तेही सांगितलं.

“मग आमची दारं?” मागून कुणीतरी विचारलं.

“जातील,” बाई म्हणाल्या.

“पण तुम्ही म्हणाला होतात.”

“हो. म्हणाले होते.”

एका मुलीने उगाच पट्टी बाकावर आपटली, मग ती दप्तरात टाकली.

शुक्रवारी सकाळी रंगारी आला. वयस्कर, डोक्याला फडकं बांधलेला. त्याने पापुद्रे खरवडायला पत्रा घेतला आणि दारं बघून जरा थबकला. “बाई, कुठून सुरू करू?”

बाईंना बोट दाखवता येईना. तो थोडा वेळ थांबला, मग रोजंदारीचा माणूस काय करणार, फाटकाच्या बाजूने त्याने हात चालवायला सुरुवात केली. पहिलं दार लोखंडी होतं. ते पटकन गेलं. मागोमाग तो रोलर फिरवत होता.

मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी वही घेऊन पळत आली. वर्गात ती फारसं बोलत नसे. “काका, ते खालचं हिरवं दार शेवटी करा ना. मला उतरवून घ्यायचंय.”

“फोटो आहे माझ्याकडे,” बाई हळूच म्हणाल्या.

“फोटो नको बाई. मला हातानं काढायचंय.” ती मांडी घालून धुळीत बसली. “रस्ता रुंद केला ना, त्यात आमचं घर गेलं. दार पण गेलं. मी ते तेव्हा बघून बघून काढलं होतं. आता आठवून नाही येणार.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाईंनी तिला वर्गात पाठवायला हवं होतं. पुढचा तास गणिताचा होता. त्यांनी पाठवलं नाही. एवढं एकच त्यांच्या हातात होतं. त्या तिच्या मागे उन्हाच्या बाजूला उभ्या राहिल्या, म्हणजे वहीवर सावली पडेल.

रंगाऱ्याने चाळीस दारं पांढरी केली. मध्ये हिरवं दार उरलं. त्याने घड्याळ पाहिलं, दोनला कंपनीचा माणूस यायचा होता.

“झालं का गं पोरी?”

“कडी राहिलीय.”

तो रोलर बादलीवर टेकवून थांबला. पांढरा रंग थेंब थेंब ठिबकत होता. मुलगी मान तिरकी करून भिंतीकडे बघत होती, मग वहीकडे, पुन्हा भिंतीकडे.

“हं,” ती म्हणाली. “झालं.”

आणि बाईंनी मान हलवून रंगाऱ्याला खूण केली.