आधी पांढरी

नार्सिसा तांदासो सांता रुफिनाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर रुजू झाली त्याला बारा दिवस झाले होते, आणि या बारा दिवसांत तिने एकच काम मन लावून केलं होतं. मान डोलावण्याचं.

लेओविहिल्दो, म्हणजे केंद्रावरचे लेओकाका, सोळा वर्षांपासूनचे ऑपरेटर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सगळं केंद्र फिरवून दाखवलं होतं, पण घाईत. एका हौदापाशी थांबून ते म्हणाले होते, "नदी चॉकलेटी झाली की आधी पांढरी सोडायची, मग बाकीचं. कळलं ना?"

"हो, हो," नार्सिसा म्हणाली होती. पांढरी म्हणजे काय, हे तिला कळलं नव्हतं. तुरटीही पांढरीच असते. पण लोहा शहरातल्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन आलेली मुलगी, आणि तेव्हाच मागे हातात नळी धरून उभा असलेला त्यांचा पुतण्या. या जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. कशी विचारणार?

बुधवारी सकाळी नऊ चाळीसला डोंगरातला पाऊस नदीतून खाली आला. पाण्याचा गढूळपणा पंधरावरून तीनशे दहावर गेला. तिने पुस्तकात शिकल्याप्रमाणे तुरटीची मात्रा वाढवली. तीसची पंचेचाळीस केली, मग साठ. तुरटीमुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला हवेत आणि तळाशी बसायला हवेत. पण हौदात कण होते तसेच तरंगत राहिले, पातळ पेजेत न विरघळलेल्या पिठासारखे.

तिने पीएच मोजला. पाच पूर्णांक सहा. पाणी आंबट झालं होतं.

ती वर गेली, खाली आली. गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा मीटर पाहिला. एक पूर्णांक आठ. सकाळी शून्य पूर्णांक सहा होता. पाचच्या वर गेलं, तर ते पाणी गावाला देता येत नाही. ती पुन्हा वर गेली. गच्चीच्या कोपऱ्यात उभी राहून तिने वर्गमित्र वाश्टरला फोन लावला.

"अगं, काय चाललंय?"

"काही नाही रे, सहजच. तुमच्याकडे नदी गढूळ झाली की तुम्ही काय करता?"

"तुरटी वाढवतो. का गं, काही प्रॉब्लेम?"

"छे, छे. असंच."

तिने फोन ठेवला आणि तिला स्वतःचाच राग आला. आडून विचारलं, मग उत्तरही आडूनच आलं. आपण नेमकं काय केलंय, कुठे अडलोय, यातलं काहीच तिने सांगितलं नव्हतं. तो बिचारा काय सांगणार!

मीटर: दोन पूर्णांक नऊ. एक गाळणी तुंबू लागली होती.

खाली लेओकाका फाटकाशी बसून बोलोन, कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा, खात होते. नार्सिसा तीनदा त्यांच्या दिशेने गेली आणि तीनदा वळली. एकदा तर जवळ जाऊन म्हणाली, "काका, आज पाणी जरा जास्तच मळकट आहे, नाही का?"

"आहे की," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला. त्यांना काय कळणार, ती विचारतेय की नुसतं हवापाणी बोलतेय?

तेवढ्यात मीटर तीन पूर्णांक सातवर गेला. त्या पाण्यावर गावातल्या दोन शाळा आणि प्रसूतिगृह अवलंबून होतं. हा आकडा वर चढत असताना आपण कसे दिसतो याचा विचार करतोय, हे तिच्या लक्षात आलं. ती सरळ फाटकाशी गेली आणि या वेळी वळली नाही.

"लेओकाका, मला एक गोष्ट माहीत नाही. आत्ता हवी आहे."

त्यांनी वर पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, आधी पांढरी. मी मान डोलावली, पण मला कळलं नव्हतं. आज तुरटी साठपर्यंत नेली, कण धरत नाहीत. पीएच पाच पूर्णांक सहा आहे. पाण्यातला आंबटपणा मारणारा क्षार संपलाय, म्हणजे आधी चुना द्यायला हवा, असं मला वाटतं. पांढरी म्हणजे चुनाच ना? आणि इथे तो कुठून सोडतात? तेवढं दाखवा, बाकी मी बघते."

काकांनी हात पँटला पुसले. "बारा दिवस नुसती मुंडी हलवलीत की हो, इंजिनिअर बाई! मला वाटलं, वाश्टरबिश्टरला फोन करून सगळं समजतंय तुम्हाला."

"ऐकलंत होय?"

"गच्चीवरून बोलता, आख्खी दरी ऐकते." ते उठले होते आणि भरभर चालू लागले होते. "चुनाच. मागच्या शेडमध्ये टाकी आहे. उजवीकडच्या व्हॉल्व्हची चकती फिरवून उघडायची, डावीकडची नाही. डावी बंदच राहू द्या."

शेडमध्ये त्यांनी टाकीतलं चुन्याचं पाणी ढवळलं. "किती सोडायचं?" तिने विचारलं.

"ते मला विचारू नका. तुमच्या आधीचे जुने साहेब ठरवायचे. मी फक्त उघडतो."

म्हणजे त्यांनाही अर्धंच माहीत होतं, आणि त्यांनी ते तोंड वाकडं न करता सांगितलं. तिला क्षणभर हसू आलं, पण वेळ नव्हता. आधी नदीकडून येणारं पाणी निम्मं केलं. मग साहेबीणबाईंना फोन लावला. इनेस बुर्नेओ, पाणीखात्याच्या प्रमुख, अर्ध्या तासावरच्या कचेरीत.

"मॅडम, नदी तीनशेच्या वर आहे. एकट्या तुरटीने भागत नाही, चुना सुरू करतेय, मात्रा काचपात्रांत तपासतेय. गाळलेलं पाणी चार पूर्णांक एकवर आहे. पाच होण्याआधी वरच्या वस्तीचा नळ बंद करायची परवानगी हवी."

"कधीपासून आहे हे?"

नार्सिसाने घड्याळ पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. "चाळीस मिनिटं. मला चुन्याचं माहीत नव्हतं आणि मी लगेच विचारलं नाही."

"पाचव्या मिनिटाला फोन करायचा होता, तांदासो. बंद करा. मी रेडिओवर सांगायला लावते."

सहा काचपात्रांत तिने चुन्याची मात्रा वाढवत नेली आणि प्रत्येकात तुरटी साठच ठेवली. लेओकाका पात्रांतल्या ढवळणाऱ्या पट्ट्या फिरताना पाहत उभे राहिले. चौथ्या पात्रात पंधरा मिनिटांनी कापसासारखे कण दिसले आणि जड होऊन खाली बसू लागले.

"हे," काका म्हणाले. "असंच व्हायचं."

चौथ्या पात्रातली मात्रा घेऊन ती शेडकडे धावली. दुपारी दीडपर्यंत मीटर एकच्या खाली आला, पण वरच्या वस्तीला चारपर्यंत पाणी मिळालं नाही. रेडिओवर एका बाईने खात्याला शिव्या घातल्या, त्या नार्सिसाने शेवटपर्यंत ऐकल्या. त्या चाळीस मिनिटांमुळेच हे झालं होतं, आणि हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "काका, आज पुन्हा पहिल्यापासून फिरवा. एकेक नळी. मी मध्येच थांबवीन. कळलं नाही तर नाही म्हणेन, आणि कळलं तर माझ्या शब्दांत सांगून दाखवीन."

"दुपारचं रेपे गार होईल."

"गार सूप पिऊ."

दीड तास ते फिरले. तिने सतरा वेळा "नाही कळलं" म्हटलं. पहिल्या तीन वेळा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पुढे नाही. पुतण्याही मागून आला. दुसऱ्या तासात तोही विचारू लागला, कारण बऱ्याच गोष्टी त्यालाही ठाऊक नव्हत्या.

शेडमागे शेवाळलेल्या खड्ड्यात एक गंजलेली चकती होती.

"आणि ही?" नार्सिसाने विचारलं.

लेओकाकांनी डोकं खाजवलं.

"सोळा वर्षं झाली," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही, म्हणून मीही नाही. हात लावत नाही एवढंच."

पुतण्या हसू दाबत होता. नार्सिसाने वहीत लिहिलं: शेडमागची चकती, कुणालाच माहीत नाही. मग पेन बंद करून म्हणाली, "जुन्या साहेबांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"आहे. पण मी विचारू?" काका पुटपुटले. "आता? इतक्या वर्षांनी?"

"आपण दोघं विचारू," ती म्हणाली आणि फोन त्यांच्या हातात दिला.