झाकली मूठ आणि लातूरचा फोन

दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरात माझा उजवा कान गेला. डाव्यावर मशीन आहे. समोरासमोर बोललेलं मला कळतं, फोनवर अनोळखी आवाज आला की मात्र नुसती खरखर. उदगीरच्या शाळेतली विज्ञान शिकवायची नोकरी मुदत संपल्यावर गेली आणि मी नांदेडला आईकडे आले. अजूनही शाळेची वेळ झाली की हात आपोआप साडीकडे जातो. वर्गाची इतकी ओढ लागते की रडू येतं.

सुरुवातीच्या अर्जांत पहिलंच वाक्य होतं, 'मी कर्णबधिर असून'. त्यापुढची माझी बी.एड. आणि चार वर्षांची नोकरी कुणी वाचली असेल असं वाटत नाही. एकाही शाळेनं उत्तर दिलं नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, लुंबिनी," आई म्हणाली. "आधी बोलवू दे, मंग सांग."

मग लातूरच्या एका शाळेला गेलेल्या अर्जात कानाचं अक्षरही नव्हतं. मोबाईल नंबर तेवढा होता. फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते.

"मीच उचलला," आई नंतर म्हणाली. "म्हणलं, हाव, मीच लुंबिनी बोलून राहिले. त्या बाईनं इचारलं, आठवीला पेशी कशी शिकवाल?"

"मग?"

"म्हणलं, लई चांगली शिकवते. तर ठेवला की तिनं."

मी भांडले, आणि भांडता भांडता हसायला लागले. आईवर राग धरायचा कसा? माझ्याइतकीच घाई तिलाही झाली होती. पण एक कळलं. मूठ झाकायची म्हटलं तरी फोन आधी वाजतो.

औशाच्या शाळेला लिहिलेल्या अर्जात शिक्षण आणि अनुभव वर घेतला. मग लिहिलं: 'मला ऐकायला कमी येते, श्रवणयंत्र वापरते. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याजवळ जाऊन मी उत्तर देते. कृपया फोनऐवजी मेसेज करावा.'

"एवढं सांगायची काय गरज हाय?" आई कुरकुरली.

"नाहीतर पेशी तुलाच शिकवावी लागेल."

चार दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंचा मेसेज आला. 'सोमवारी पाठ घ्यायला या. सातवीचा वर्ग फार गोंगाट करतो. तुम्हाला त्रास होईल. आधीच गप्प बसवून ठेवू का?'

आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. "हाव म्हण की," ती म्हणाली.

त्रास होणार होता, खोटं कशाला लिहू? मी लिहिलं, 'गोंगाटात शब्द कळणार नाहीत. मुलांना मी शांत करीन. पण मी येईपर्यंत त्यांना गप्प करू नका, मॅडम. वर्ग ऐकून मला फार दिवस झालेत.'