आण्याची रेघ, पैशाची रेघ

अफझलगंजात नामदेवरावांची एरंडीची अडत होती. गादीमागच्या भिंतीवर अकरा फूट लांब आलेख डकवलेला होता. तो काढणाऱ्या सत्यवतीबाई काचीगुड्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. शाळा सुटली की त्या अडतीवर येत, त्या दिवसाचा पल्ल्याचा, म्हणजे तीन मणांचा, भाव विचारत आणि टोकदार पेन्सिलीने एक ठिपका देत. एक आडवा चौकोन म्हणजे बाजाराचा एक दिवस, एक उभा चौकोन म्हणजे एक आणा.

पंचावन्न सालच्या जूनमध्ये एरंडी शेहेचाळीस रुपयांपर्यंत उतरली आणि तिथून वळली. त्या तळाच्या ठिपक्यापासून नामदेवरावांनी सात रेघांचा पंखा उघडला होता. ही विद्या त्यांनी मुंबईच्या एका दलालाकडून घेतली होती आणि तो दलाल ती अमेरिकेतली म्हणून सांगे. मधली रेघ दिवसाला एक आणा चढायची, म्हणजे कागदावर बरोबर पंचेचाळीस अंशांत. वरच्या तीन रेघा दिवसाला दोन, चार आणि आठ आण्यांच्या, खालच्या तीन अर्ध्या, पाव आणि अर्धपाव आण्याच्या.

"इथे काळ आणि भाव समान होतात," मधल्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणत. "भाव हिच्यावर आहे तोवर तेजी. खाली गेला की संपलं."

सत्यवतीबाईंचा आधी विश्वास नव्हता. मग चौसष्टाव्या दिवशी भाव घसरत पन्नास रुपयांवर आला, रेघेला टेकला आणि वर गेला. एकशे अठ्ठाविसाव्या दिवशी चोपन्नावर टेकला. दोनशे छप्पन्नाव्या दिवशी बासष्टावर. चारशेव्या दिवशी भाव एकाहत्तरावर आला तेव्हा ठिपका देऊन त्यांनी पट्टी लावून पाहिली, कारण पेन्सिलीचं टोक आपोआप रेघेवरच पडलं होतं. गदवालचा शेतकरी, मुंबईचा तेलवाला, कुठला तरी परदेशी खरेदीदार, यांतल्या कुणालाच ही भिंत ठाऊक नव्हती. तरी त्यांचा भाव चार वेळा इथे येऊन वाकला होता. त्या संध्याकाळी पुतळीबावलीपर्यंत चालत जाताना त्यांना देवळातून बाहेर पडल्यासारखं वाटत होतं.

मग राज्याची वाटणी झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैद्राबाद आंध्रात आलं. नामदेवरावांचे मेहुणे एकनाथराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांच्या नावापुढे औरंगाबाद पडलं. मे महिन्यात कुटुंब हलवायचं होतं. जडचर्ल्याकडच्या त्यांच्या जमिनीची एरंडी अडतीच्या गोदामात होती.

"दाजी, माल कधी काढू?" त्यांनी विचारलं.

"रेघ सांगेल तेव्हा," नामदेवराव म्हणाले.

सत्तावन्नच्या मार्चच्या अखेरीला पाचशे बारावा दिवस होता. पाचशे बारा आणे म्हणजे बत्तीस रुपये, तेव्हा रेघ अठ्ठ्याहत्तरावर होती आणि भाव एक्याऐंशी. सोमवारपासून नवे पैसे सुरू होणार होते. बाजाराने भावही नव्या पैशांत लिहायचं ठरवलं.

"नवा कागद लावा, बाई," नामदेवराव म्हणाले. "एक चौकोन, एक पैसा."

"मग आलेख छताला भोक पाडून वर जाईल. पाच पैशांचा चौकोन घेऊ?"

"हौ, घ्या. पंखा पुन्हा पंचेचाळीस अंशांतच उघडा."

रविवारी सत्यवतीबाईंनी घरी बसून सगळे भाव बदलले. रुपयाचे सोळा आणे तेच शंभर पैसे, म्हणजे आण्याला सव्वासहा. तळ तोच, शेहेचाळीस रुपये. त्यांनी मधली रेघ ओढली आणि थबकल्या. पाचशे बाराव्या दिवशी ती एकाहत्तर रुपये साठ पैशांवर होती. आधीचे चारही तळ मोकळ्या जागेत तरंगत होते. एकशे अठ्ठाविसाव्या दिवशी भाव चोपन्न होता आणि नवी रेघ त्याच्या खूप खाली, बावन्न चाळीसवर.

हिशोब चुकला असेल म्हणून त्यांनी तो पुन्हा केला. चूक नव्हती. उलट दुसरंच काही दिसलं. दिवसाला दहा पैशांच्या रेघेवर तीन शिखरं नेमकी टेकली होती: शहाण्णव, एकशे नव्वद आणि तीनशे दहाव्या दिवसाची. जुन्या कागदावर या शिखरांच्या आसपास एकही रेघ नव्हती. त्यांना पुन्हा देवळातून बाहेर पडल्यासारखं वाटलं आणि या वेळी त्यांना त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद शेजारी शेजारी लागले. नामदेवराव कितीतरी वेळ बघत राहिले.

"दिवसाला सव्वासहा पैशांची रेघ ओढा," शेवटी ते म्हणाले. "कोन सोडा, चढ तोच ठेवा."

"ओढते. ती जुनीच रेघ होईल. पण मग सांगा, काळ आणि भाव समान कुठे झाले? एक दिवस आणि एक आणा यांत बरोबरी होती, कारण टाकसाळ आणा पाडत होती. बाजाराला सव्वासहाचं काय प्रेम?"

"चार वेळा टेकला, बाई. तुम्हीच ठिपके दिलेत."

"दिले. आणि पंचावन्नच्या मार्चमधल्या तळापासूनचा पंखा मीच रबराने पुसला, आठवतं? तो बसला नाही म्हणून आपण जूनचा तळ धरला. रविवार आणि सण मोजायचे नाहीत हेही आपणच ठरवलं. ते मोजले असते तर रेघ कुठे गेली असती?"

नामदेवराव जुन्या कागदावर रबराच्या खुणा शोधू लागले.

पंधरवड्यात भाव घसरला. पाचशे चोविसाव्या दिवशी तो सत्त्याहत्तर पन्नास होता. त्या दिवशी आण्याची रेघ अठ्ठ्याहत्तर पंचाहत्तरवर, पाच पैशांची बहात्तर वीसवर. एकनाथराव भिंतीसमोर उभे होते.

"हा कागद म्हणतो तेजी संपली, वीक. तो म्हणतो काही बिघडलं नाही, थांब. भाव तर एकच आहे. दाजी, कुठला कागद खरा?"

बाहेर हमालाने पोतं टाकल्याचा आवाज आला.

नामदेवराव सत्यवतीबाईंकडे वळले. "तुम्ही सांगा."

"मला सांगता येणार नाही. कागदालाही सांगता येत नाही, एवढंच मला कळलंय. एकनाथराव, तुम्हाला मेमध्ये जायचंय. गोदामावर नजर ठेवायला इथे कोण राहील?"

"कोणी नाही."

"मग विकायचं कारण तुमच्याजवळच आहे."

एकनाथरावांनी माल सत्त्याहत्तर पन्नासनेच काढला. पुढे भाव चौऱ्याहत्तरापर्यंत गेला, म्हणजे जुना कागद बरोबर. जूनमध्ये तो त्र्याऐंशीवर चढला, म्हणजे नवा. दोन्ही कागदांनी आपापला विजय मिरवून घेतला.

त्याआधी, मेमध्ये, एकनाथरावांच्या कुटुंबाला काचीगुड्याला औरंगाबादच्या गाडीवर पोचवायला नामदेवराव आणि सत्यवतीबाई दोघेही गेले होते. परतताना नामदेवराव फाटकाशी थांबले.

"सत्यवतीबाई, मी अडाणी ठरलो का?"

"नाही. मीही भारावले होते. शिखरं टेकली तेव्हाही." फाटकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे त्यांनी पाहिलं. "इतके लोक, कुणाला पाऊस हवा, कुणाला पैसा, कुणाला गाव सोडायचंय. त्या सगळ्यांचा मिळून रोज एक आकडा होतो. मला आता त्याचंच नवल जास्त वाटतं."

दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी एक वही काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"ह्यात आधी लिहायचं. कुठला तळ, किती पैशांची रेघ, कुठे वळेल. तारीख घालून. मग बघायचं. रबर नक्को."

"नाही वळला तर?"

"तेही लिहायचं."

सत्यवतीबाईंनी पहिल्या पानावर तारीख घातली आणि आजचा भाव विचारला.