दोन काट्यांची ओढ

ती ओढणी मी सात महिने भरली होती. शिफॉनची, अडीच मीटर, चारी कडांना वेल आणि मध्ये विखुरलेल्या कळ्या. आमच्या लखनौच्या ठाकूरगंजातल्या बायका चिकनचं भरतकाम करतात, पण शिफॉन हाती घ्यायला त्यांतली कोणी राजी नसते. सुती कापड मुकाट बसतं. शिफॉन मांडीवरून घसरतं, सुईखालून सरकतं, आणि टाका जरा घट्ट झाला की सगळी वीण एका बाजूला गोळा होते. धागा मुळातच बारीक आणि गुळगुळीत, त्यात वीण विरळ. एकाला दुसऱ्याचा आधार नाही. पण चौकातले चिकनचे व्यापारी कुंजबिहारी लाला यांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांना नुझतच्याच हातचं काम हवं होतं. नुझत म्हणजे मी.

भरून झालं की कापडावर आधी उमटवलेली ठशाची निळी नक्षी तशीच राहते. ती धुऊन काढावी लागते, आणि तिथेच खरी परीक्षा असते. लखनौत सुती माल कोणीही धुईल. जॉर्जेट आणि शिफॉनसाठी चार वर्षांपूर्वीपर्यंत एकच नाव होतं, सुखरानी चाची धोबीण.

चार वर्षांपूर्वी लालांच्या दुकानातून अकरा शिफॉन ओढण्या गिऱ्हाइकांनी परत केल्या. प्रत्येकीवर धागे ओढले गेल्याचे ओरखडे होते. लाला त्यातली एक घेऊन चाचीच्या गल्लीत आले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती तिच्या गळ्यात टाकली.

"बांगड्या घालून धुतेस आणि वर नाही म्हणतेस?"

"लालाजी, कामाला बसताना मी बांगड्या काढते. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे."

"नवरा जिवंत असताना रोज हात उघडे करतेस? मग त्याचं काही बरंवाईट झालं तर आमच्या नावानं रडू नकोस."

चाचीचा नवरा, रामधनी, तिथेच दारात उभा होता. त्या दिवसापासून चौकातल्या एकाही दुकानानं त्यांच्याकडे माल धाडला नाही. रामधनी दुसऱ्या वर्षी काविळीनं गेला. लालांचं बोलणं कावीळ आणत नाही हे मला कळतं. चाचीलाही कळत असणार. पण तिचे हात त्यानंतर कायमचेच उघडे राहिले, आणि ती लालांचं नाव कधी तोंडातून काढेना.

मधल्या काळात लालांनी धुण्याचं मोठं यंत्र आणलं. यंदाच्या माघात त्यांनी मुलीच्या लग्नाच्या कपड्यांआधी चाचणी म्हणून तीन जॉर्जेटचे कुर्ते आणि दोन ओढण्या त्यात टाकल्या. बाहेर काय आलं ते मी दुकानात स्वतः पाहिलं. कुर्ते वीतभर आखडले होते. भरतकामाचा सुती दोरा आखडत नाही, त्यामुळे प्रत्येक फुलाभोवती कापड चुरगळून वर आलं होतं. शिवणी उसवल्या नव्हत्या, पण शिवणीशेजारचे धागे सरकून जाळी पडली होती. ओढण्यांचा एकमेकींभोवती दोर वळला होता.

लग्न नऊ दिवसांवर होतं. लालांनी मला पुढे घातलं आणि माझ्यामागून चाचीच्या अंगणात आले. त्यांच्या काखेत गाठोडं होतं, त्यात नवरीचा जॉर्जेटचा कुर्ता आणि माझी ओढणी. चाची खाटेवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सुखरानी, झालं गेलं विसर," लाला म्हणाले. "लेकीचं काम आहे."

"लेक गोड आहे तुमची. लहानपणी इथे येऊन फेसाचे फुगे करायची."

"मग धुशील ना?"

"मी तुमच्या कापडाला हात लावणार नाही."

लालांचा चेहरा उतरला. चाचीनं सूप बाजूला ठेवलं.

"सांगेन मात्र सगळं. धुवायचं तुम्ही. इथे, या अंगणात, माझ्या पाटावर बसून."

"मी? कपडे धुऊ?"

"नाहीतर घरी यंत्र आहेच."

लाला माझ्याकडे बघायला लागले, जणू ही अट मी घातली होती. मग त्यांनी चपला काढल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी हौदातून दोन घमेली पाणी भरेपर्यंत भिंतीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. शेजारची हुस्ना तर कडेवरच्या पोराला सांगत होती, "बघ रे, नवा धोबी."

लालांनी बाह्या सरसावल्या. उजव्या हातात त्यांच्या तीन अंगठ्या होत्या. दोन त्यांनी खिशात टाकल्या. तिसरी पुष्कराजाची, ज्योतिषानं दिलेली. तिचा खडा चार काट्यांनी धरलेला होता आणि त्यातले दोन वर आलेले होते. मी बघितलं. माझं तोंड उघडलं.

"लालाजी, ती पण—"

"ही निघत नाही," लाला म्हणाले. "काढायची नसते."

"राहू द्या," चाची म्हणाली. ती लालांशी बोलली, पण बघत होती माझ्याकडे. त्या नजरेनं मी गप्प बसले. हे माझं पाप. त्या काट्यांत धागा अडकू शकतो हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

आधी कुर्ता. चाची एकेक सांगत गेली आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"पाणी गार. गरम पाण्यात जॉर्जेटचा पीळ जागा होतो. या धाग्यांना घट्ट पीळ दिलेला असतो, एकाला उजवा, शेजारच्याला डावा. भिजले की ते आपापल्या पिळात आखडतात. आखडणारच थोडं, पण त्याला चिडवायचं नाही. रिठ्याचं पाणी गाळून घाला. सालीचा तुकडा राहिला तर अडकेल."

लाला कुर्ता चोळायला गेले.

"चोळू नका! मिशा चोळता का अशा? दाबा, सोडा. निळं आपोआप सुटेल."

निळं सुटलं. तीन पाणी बदलली. लालांचे गुडघे दुखायला लागले, ते एका हातानं गळा धरून कुर्ता वर उचलायला निघाले.

"थांबा! पाण्याचं ओझं आहे त्यात. ओला असताना हा धागा निम्म्या ताकदीचा होतो. तसाच लोंबकळला तर खांद्यापासून घेर हातभर उतरेल. खालून दोन्ही हात घाला. तान्हं मूल न्हाऊ घालताना उचलतात तसं."

"मी कधी न्हाऊ घातलं नाही."

"ते दिसतंच आहे," भिंतीवरून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

पिळायचा नाही म्हणून कुर्ता सुती चादरीत गुंडाळून दाबला. मग सावलीत खाटेवर दुसऱ्या चादरीवर पसरला. चाचीच्या सांगण्यावरून लालांनी तो ओला असतानाच वितीनं मोजत, उभ्या धाग्यात हलके हलके ताणून पहिल्या मापाला आणला. तिरका ताणायचा नाही, तिरका ताणला की तो वाकडाच वाळतो. फुलाभोवती एक चुणी नव्हती. लालांनी घाम पुसला. त्यांना आपल्याच हातांचं कौतुक वाटलेलं दिसलं.

"आता ओढणी," चाची म्हणाली.

ओढणीही नीट धुतली गेली. निळं गेलं आणि माझं काम वर आलं, पांढऱ्यावर पांढरं. मी श्वास सोडला. लालांनी ती चादरीतून काढली आणि दुकानातली सवय हाताला होतीच: गिऱ्हाइकाला पोत दाखवताना करतात तशी त्यांनी ओढणी मुठीतून सर्रकन ओढून घेतली.

आवाज झाला नाही. नुसती एक रेघ उठली, वीतभर लांब, आणि तिच्या शेजारी दुसरी. दोन धागे काट्यांत अडकून ओढले गेले होते आणि दोन्ही बाजूंची वीण त्यांच्याकडे गोळा झाली होती.

चाची आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चार वर्षांपूर्वी गळ्यात पडलेली ती ओढणी होती. तिनं ती खाटेवर पसरली. तिच्यावरही दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, तेवढ्याच अंतरावर.

"या भिंतीवरच्या सगळ्यांनी खाली यावं आणि बघावं," ती म्हणाली. "बांगडी एक धागा ओढते, वाटेल तिथे. दोन धागे बरोबरीनं कोण ओढतं?"

बायका उतरल्या. कोणीतरी लालांचं मनगट धरून अंगठी रेघांवर टेकवली. काटे बरोब्बर बसले.

"हे तू मुद्दाम केलंस," लाला ओरडले. "माझ्या लेकीच्या लग्नात!"

"तुम्ही केलंत. मी हातही लावला नाही. बोला आता. मोठ्यानं बोला, गल्लीच्या टोकाला रामधनीचा भाऊ राहतो, त्याला ऐकू गेलं पाहिजे."

लालांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. पाय ओले, धोतर ओलं. मग म्हणाले, "चूक माझी होती."

"कसली?"

"त्या अकरा ओढण्या माझ्या हातानं गेल्या. सुखरानीचा दोष नव्हता."

"आणि माझ्या नवऱ्याबद्दल जे बोललात?"

लालांनी मान खाली घातली. "ते बोलायला नको होतं."

चाचीचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. चार वर्षांचा उपास सोडल्यासारखा तो झाला होता. आणि मला राग आला.

"चाची, ओढणी लालांची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. सात महिने. डोळ्यांत पाणी येईस्तोवर भरली मी ती."

"तुझे सात महिने," ती म्हणाली, "माझी चार वर्षं."

"मी काय केलं होतं तुझं?"

मग तिनं ओढणी उचलली, तिचीच अट मोडून, दोन्ही हात खालून घालून, आणि आत नेली.

दोन दिवस ती दारात उजेडाला बसून होती. बोथट सुईच्या टोकानं गोळा झालेली वीण एकेका धाग्यानं मागे सारायची, मधून कापड दोन बोटांत धरून हलकंच ताणायचं, पुन्हा सारायचं. एक रेघ पूर्ण मिटली. दुसरीत धागा तुटला होता. तिथे मी एक कळी जादा भरली. नवरीला काही कळलं नाही. लग्नात सगळ्यांनी ओढणीची तारीफ केली असं ऐकलं. मी गेले नव्हते.

चौकातला माल चाचीकडे परत यायला लागला. लालांनी पण दोनदा माणूस पाठवला. तिनं दारातूनच वळवला.

होळीनंतर मी तिला विचारलं, "मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तू अंगठी काढायला लावली असतीस."

"हो."

"मग कसं सांगणार?"

मी अजूनही माझं काम तिच्याकडेच धुवायला देते. तिच्यासारखे हात दुसरे नाहीत. पण आता देऊन घरी जात नाही. ओढणी खाटेवर पसरून वाळेपर्यंत तिच्या अंगणात बसून राहते, आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही.