पाठीवरची काठी

लग्नाआधी मी सांगलीत बायकांच्या व्यायामशाळेत शिकवायचे. औंधला सासरी आल्यावर माझ्या वाट्याला एकच विद्यार्थिनी आली, नणंद रेश्मा. तिला पोलीसभरतीची मैदानी चाचणी द्यायची होती, साताऱ्याला.

मी तिच्या पाठीला उभी काठी लावली. डोकं, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. गुडघे थोडेच सैल सोडायचे आणि ढुंगण मागं सारत कमरेतून वाकायचं. काठी सुटली की पाठ वाकली, मग पुन्हा पहिल्यापासून. उठाबशांना मागं खुर्ची ठेवायची, टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला. ते जमल्यावर छातीशी पिठाचा छोटा डबा, आणि वाकायला हातात अर्धी बादली. सासूबाई हसायच्या, पण रेश्मा चिकाटीची पोरगी. काठी सुटेनाशी झाली, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. आता थोडं थोडं वजन वाढवायचं होतं.

तेवढ्यात आमचे हे, वीरधवल, फौजेतून सुट्टीवर आले. काठी बघून लय हसले. लोखंडी पाइपाच्या दोन्ही टोकांना सिमेंटनं भरलेले डबे बसवले आणि अंगणात रेश्माला बोलावलं. मी म्हटलं, आवं, एवढं एकदम नको, हलक्यावर अजून पक्कं होऊ दे. चार माणसांत बायको शिकवायला लागली म्हटल्यावर फौजी कसला ऐकतोय! रेश्मानंही माझ्याकडं बघितलं नाही. भावापुढं तिला कमी पडायचं नव्हतं.

पाइप जमिनीवरून सुटला आणि तिची पाठ धनुष्यासारखी वाकली. मी ओरडेपर्यंत ती तशीच खाली बसली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. चाचणीचा दिवस तिनं अंथरुणात काढला.

सुट्टी संपल्यावर हे बॅग भरता भरता म्हणाले, "तुझ्या काठीनं येळ घालवला. पयल्यापासनं वजन घेतलं आसतं, तर पाठ तयार झाली आसती."

सासूबाईंनी मान डोलावली. मी रेश्माकडं बघितलं. निदान तिला तरी ठाऊक होतं.

"दादा म्हनतोय ते खरं हाय, वैनी," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून काठीवर कपडे वाळतात आणि मी कुणाला काही शिकवत नाही.

परवा रेश्मा दुखण्यानंतर पहिल्यांदा पाण्याला उठली. दारात अर्धी बादली होती. तिनं बादली पायाशी ओढली, गुडघे सैल केले, कंबर मागं नेली आणि सरळ पाठीनं उचलली. काठी असती तर तिन्ही ठिकाणी टेकली असती.

माझ्याकडं न बघता ती आत गेली.