एकही पूर्णविराम नसलेली तक्रार

ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. काम होतं घरगुती उपकरणांच्या चार-पाच कंपन्यांच्या तक्रारी सांभाळायचं. ग्राहकाने मेलवर मन मोकळं करायचं, कात्रीने त्याची दोन वाक्यांची नोंद करायची आणि ती नोंद मोबाइलवर वाचून तंत्रज्ञाने त्या ग्राहकाच्या दारात उभं राहायचं. पहिल्या वाक्यात काय बिघडलंय, दुसऱ्यात ग्राहकाला काय हवंय. मूळ मेल तंत्रज्ञ उघडतसुद्धा नाही. त्याला दिवसभरात इतकी घरं करायची असतात की त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दोन वाक्यांचा हा नियम टीमच्या प्रमुख मॅडमचा. त्यांना पाठीमागे ‘पूर्णविराम मॅडम’ म्हणत. काही महाभाग ‘आणि’, ‘परंतु’, ‘तसेच’ जोडून आगगाडीएवढं एक वाक्य करायचे आणि मॅडम ते निमूटपणे परत पाठवायच्या. कात्रीची नोंद मात्र कधी परत आली नव्हती. फ्रिजबद्दल लिहिता लिहिता आपल्या तीन भावांची भांडणं सांगणाऱ्या गृहस्थालाही तिने ‘फ्रीजरचं दार नीट लागत नाही. दाराचं रबर बदलून हवं.’ एवढ्यात बसवलं होतं.

पण हत्यार हातात असलं की माणूस ते घरीही चालवतो. सासूबाईंना बोलायची हौस. नमनालाच घडाभर तेल. गोष्ट जिन्यावरून सुरू झाली की आधी जिन्याचा कठडा, मग तो रंगवणारा, मग त्या रंगाऱ्याची मावशी, असं करत मुक्कामाला पोचायची. एका संध्याकाळी ताटं वाढता वाढता त्या अशाच रंगात आल्या होत्या आणि कात्री दिवसभराच्या तक्रारींनी पिळून निघाली होती. ती म्हणाली, “थोडक्यात काय आई, गुडघा दुखतोय आणि डॉक्टरांकडे जायचंय. उद्याची वेळ घेते.”

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. “गुडघा ही सुरुवात होती गं,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बॅग भरून त्या लेकीकडे गेल्या. “जरा राहून येते,” असं म्हणाल्या खऱ्या, पण पावसाळी चप्पलही नेली, म्हणजे लवकर परतायचा बेत नव्हता.

त्यानंतर फोन केला की पलीकडून दोनच वाक्यं यायची. “बरी आहे. ठेवते.” उभ्या जन्मात जी बाई दोन वाक्यांत थांबली नाही, ती आता नेमकी दोन वाक्यांवर थांबत होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “येईल गं आपोआप.” आपोआप येणाऱ्यातल्या सासूबाई नव्हत्या. कात्रीला त्या परत हव्या होत्या. घर इतकं शांत झालं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. पण परत या म्हणायचं कसं, हे तिला दोन वाक्यांतही जमत नव्हतं आणि वीसमध्येही नाही.

अशात एका दुपारी पूर्णविराम मॅडम तिच्या टेबलाशी आल्या. चेहरा लिंबू पिळल्यासारखा.

“वॉशिंग मशीनची तक्रार आहे. दोनदा माणूस जाऊन आला, तिसऱ्यांदा उघडलीय. अजून एकदा परत आली तर ती कंपनी मला उभं-आडवं घेईल. तूच बघ बाई आता.”

आधीच्या दोन्ही नोंदी दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. पहिली: ‘मशीन समपातळीत नाही. पाय नीट करून हवेत.’ तंत्रज्ञ गेला, पाय वरखाली केले, आला. दुसरी: ‘मशीन अजूनही समपातळीत नाही. ग्राहक नाराज.’ दुसरा तंत्रज्ञ गेला, पायांखाली रबर सरकवलं, आला. मशीन भिंतीतल्या कोनाड्यात घट्ट बसवलेलं, त्यामुळे ते बाहेर ओढून मागे बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. नोंदीत पाय लिहिलेत, तर पाय.

कात्रीने या वेळचा मूळ मेल उघडला. खात्यावर नाव कुणाचं हे ती कधी बघत नसे, थेट मजकुराला हात घालायची. हा मजकूर मोबाइलला तोंडी सांगून उतरवलेला दिसत होता, कारण एवढ्या मोठ्या मेलमध्ये एकही पूर्णविराम नव्हता.

‘नमस्कार मी आधीही दोनदा कळवलं पण तुमचे लोक ऐकून न घेताच खाली बसतात आणि पाय धरतात मशीनचे माझे नाही आता कपडे पिळायची वेळ आली की हे मशीन जे नाचायला लागतं ते कोनाड्यातून बाहेर यायला बघतं अगं ते दूध बघ उतू जाईल आणि काल तर दाराशी येऊन उभं राहिलं जसं काही पाहुणे आलेत’

कात्रीला हसू आलं. पुढचं वाचलं आणि हसू विरलं.

‘बाकी आमच्याकडे सुद्धा असंच मशीन आहे म्हणजे माझ्या मुलाकडे सून नोकरी करते तिला माझं बोलणं लांबतं असं वाटतं लांबत असेल हो पण माणूस बोलणार कुणाशी’

तिने झटकन खात्यावरचं नाव पाहिलं. नणंदेच्या नवऱ्याचं!

पहिला विचार आला पळून जायचा. मग ती उठली आणि मॅडमकडे गेली. “मॅडम, ही तक्रार माझ्या सासूबाईंची आहे. नात्यातली तक्रार आपण हाताळायची नसते ना?”

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “पैसे परत द्यायचे की मशीन बदलायचं, ते तू ठरवायचं नाहीस. पण नोंद कर. मी वाचून माझ्या नावाने पुढे पाठवते.” मग हळूच विचारलं, “तुझ्याबद्दल काही आहे का त्यात?”

“आहे.”

“मग नीट वाच,” मॅडम म्हणाल्या आणि तोंड फिरवून हसल्या.

जागेवर येऊन तिने सवयीने तक्रारीचा सांगाडा काढला. पिळताना मशीन थरथरतं, सरकतं. उरलं ते घरगुती चऱ्हाट, ते गाळायचं. सुनेचा भाग तर आधी गाळायचा! पण ‘सून’ हा शब्द दिसला की नजर हलेना. आपल्याविषयी काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय कोण उठतं? शिव्या खायची तयारी करून ती शब्दन् शब्द वाचू लागली.

‘पण एक आहे हो पोरगी कामाची चोख आमच्याकडे मशीन आलं तेव्हा बसवणाऱ्याने मागचे चार लांब बोल्ट काढून तिच्या हातात दिले तर तिने ते पिशवीत घालून वर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवले घर बदललं की पुन्हा लागतील म्हणे इतका पुढचा विचार आणि इथे जावईबापूंनी मशीन स्वतःच बसवलं बोल्टला हातसुद्धा लावला नाही कसे घट्ट आहेत बघा आई म्हणाले मजबूत काम आहे कंपनीचं’

कात्री खुर्चीत ताठ झाली.

ते चार बोल्ट मजबुतीसाठी नसतातच. मशीन दुकानातून घरी येताना आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून तो त्यांनी जखडलेला असतो. ते काढल्याशिवाय मशीन चालवलं की ड्रमला मोकळं हलता येत नाही, सगळा धक्का अंगावर येतो आणि मशीन जागेवरून चालायला लागतं. दोघा तंत्रज्ञांनी पाय धरले होते आणि दुखणं पाठीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि पहिली नोंद करणाऱ्याने आणखी एक पाप केलं होतं. तिने आधीचे दोन्ही मेलही चाळले, सासूबाईंनी ‘समपातळी’ हा शब्द कुठेच वापरला नव्हता. तो त्याचा स्वतःचा अंदाज, आणि त्याने तो ग्राहकाच्या तोंडी घातला होता.

त्याला नावं ठेवता ठेवता तिला तो डाव आठवला, खाली ठेवलेला. गुडघा दुखतोय, डॉक्टरांकडे जायचंय. तो तरी कुणाचा अंदाज होता? तिला स्वतःची लाज वाटली.

मेलचा शेवट असा होता: ‘तर मला नवीन मशीन नको पैसे नकोत फक्त जो कोणी येईल त्याने आधी माझं पूर्ण ऐकावं मग पाना काढावा एवढंच ठेवते’

तिने नोंद लिहिली: ‘कपडे पिळताना मशीन जोरात थरथरून जागेवरून सरकतं, ते घरच्यांनीच बसवलं असून मागचे चार बोल्ट काढलेले नाहीत, असं ग्राहक सांगतात. बदली किंवा परतावा नको; तंत्रज्ञाने आधी ग्राहकाचं पूर्ण ऐकून घ्यावं आणि मगच काम सुरू करावं, अशी त्यांची मागणी आहे.’

मॅडमनी वाचलं. “अर्धविराम घालून पळवाट काढलीस.”

“पूर्णविराम दोनच आहेत.”

“हे ऐकून घेण्याचं ठेवायलाच हवं?”

“मॅडम, त्यांनी मागितलेलं तेवढंच आहे.”

मॅडमनी नोंद पुढे पाठवली.

तंत्रज्ञाचा फोन दुसऱ्या दिवशी मॅडमना आला, तो ओरडतच. “मॅडम, बोल्ट काढायला दहा मिनिटं लागली, मशीन आता मांजरासारखं बसलंय. पण ऐकायला सव्वा तास गेला! माझी पुढची तीन घरं बोंबलली. आता त्या बाईंच्या जिन्याचा कठडा कोणी रंगवला तेसुद्धा मला ठाऊक आहे!” तक्रार मात्र बंद झाली आणि बंदच राहिली.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. सासूबाई! हातात बॅग, बॅगेतून डोकावणारी पावसाळी चप्पल. नवरा “बघ, म्हटलं नव्हतं?” असं डोळ्यांनी म्हणाला आणि कात्रीने त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

चहा आला. गप्प बसणं सासूबाईंच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. “काय झालं माहितीये, तिकडे ते मशीन...” म्हणाल्या आणि सुनेकडे पाहून थांबल्या. “राहू दे. लांबेल.”

“लांबू दे आई. सांगा.”

मग काय! मशीन नाचलं, जावयाची फजिती झाली, पहिला तंत्रज्ञ आला, दुसरा आला. कात्रीला शेवटापर्यंत सगळं पाठ होतं, पण ऑफिसातली गोष्ट घरी फोडायची नाही हा नियम होता. म्हणून ती योग्य जागी “अगंबाई!” आणि “मग?” म्हणत राहिली.

“तिसरा मात्र शहाणा निघाला. आला तो खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, आजी, आधी तुम्ही बोला, मला तसं लिहून आलंय. मी म्हटलं, कोणी लिहिलं रे बाबा? त्यालाही नाव माहीत नव्हतं. पण सांगते तुला, ज्या कुणी ते लिहिलं ना, त्याच्या घरची माणसं किती सुखात असतील!”

कात्रीला चहाचा ठसका लागला. सासूबाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि थोपटणारा हात तसाच राहिला.

“आई,” ठसका ओसरल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी गुडघा ही सुरुवात होती म्हणालात. पुढे काय होतं?”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाय वर घेऊन मांडी घातली, म्हणजे बैठक लांबणार होती. जिना आला, कठडा आला, रंगारी आला, त्याची मावशीही आली. ती मावशी म्हणजे सासूबाईंची शाळेतली मैत्रीण निघाली, इतक्या वर्षांनी जिन्यात भेटलेली. तिला बघून त्या धावत उतरल्या म्हणून गुडघा मुरगळला. आणि मैत्रिणीने विचारलं, घरी कोण कोण असतं गं, तेव्हा आपण सुनेबद्दलच किती वेळ बोलत राहिलो, ते त्यांना त्या संध्याकाळी सुनेला सांगायचं होतं.

कात्रीचे डोळे भरून आले होते.

“झालं माझं,” सासूबाई म्हणाल्या. “आता घाल तुझ्या दोन वाक्यांत.”

कात्रीने डोळे पुसले. “तुम्ही घरी आलात. आता पुन्हा जाऊ नका.”

सासूबाईंनी मान हलवली. “लहान केलंस. पण सुटलं काही नाही.”