आधी व्याख्या

शिबिला पॅथॉलॉजीत नापास झाली तेव्हा सगळ्यात मोठा धक्का तिच्या वसतिगृहाच्या खोलीतल्या जिस्मीला बसला, कारण जिस्मीला तो विषय शिबिलानेच शिकवला होता. शिकणारी पास झाली आणि शिकवणारी आपटली. आता महिन्याभरात पुरवणी परीक्षा होती. त्यात पुन्हा आपटली असती, तर शिबिलाला धाकट्या तुकडीत बसावं लागलं असतं, आणि जिस्मी पुढे निघून गेली असती. दोघींपैकी कुणीही हे तोंडाने बोलत नव्हतं.

"सात पानं लिहिलीस तू यकृताच्या सिरॉसिसवर," पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या वत्सला मॅडम म्हणाल्या. विभागाच्या संग्रहालयात, बरण्यांतल्या यकृतांच्या आणि मूत्रपिंडांच्या रांगेसमोर त्या चहा पीत होत्या. "वाचायला मजा आली असती. पण तपासणारा मजा करायला बसलेला नसतो, पोरी. व्याख्या कुठे आहे?"

"पाचव्या पानावर, मॅडम. मधे कुठेतरी."

"मधे कुठेतरी! त्याच्यापुढे दिवसाला साठ पेपर असतात. तो हातात पेन्सिल घेऊन मथळे शोधतो. व्याख्या, कारणं, रोग कसा घडतो, स्वरूप, गुंतागुंत. मथळा सापडला की गुण. तुझं यकृत सुंदर होतं गं, पण त्याला सापडलंच नाही."

शिबिलाला राग आला. एवढं सगळं येत असताना मथळ्यांसाठी मरायचं? हे म्हणजे पोरखेळ झाला. पण नापास झालेल्या माणसाचा राग फार वेळ टिकत नाही. ती सरावाला बसली. मॅडमचा एक नियम होता: आधी पाचही मथळे जागा सोडून लिहायचे, अधोरेखित करायचे, मगच आत भरायचं.

महिनाभर तिने जिस्मीचा जीव खाल्ला. खानावळीतल्या तांदळाच्या वाफवलेल्या पुट्टूचीसुद्धा व्याख्या, कारणं, स्वरूप झालं. "गुंतागुंत म्हणजे घशात अडकणं," जिस्मी म्हणाली, "आता गप्प बस आणि हरभऱ्याचा कडला वाढ." गावी, तिरूरला शिवणकाम करणाऱ्या आईला, म्हणजे उम्मालाही फोनवर सगळा साचा ऐकवून झाला. उम्मा म्हणाली, "म्हणजे गिऱ्हाईक आलं की आधी काय शिवायचं ते विचारायचं, लेसच्या गप्पा नंतर. यासाठी एवढी फी भरतेय मी?"

पेपरात पहिलाच दीर्घ प्रश्न आला अ‍ॅमिलॉइडोसिसवर. सिरॉसिस तिने बारा वेळा लिहून काढला होता आणि अ‍ॅमिलॉइडवरून नुसती नजर फिरवली होती.  आता जिस्मीच्या शेजारची खाट रिकामी होणार, हेच डोळ्यांपुढे आलं.

काहीच सुचेना, म्हणून तिने नुसते मथळे लिहिले. रेघा ओढल्या. व्याख्या: चुकीची घडी पडलेली प्रथिनं तंतूंच्या रूपात पेशींच्या बाहेर साचणं. हे आठवलं. कारणं: मायलोमा हा रक्ताचा कर्करोग, आणि टीबी किंवा संधिवातासारखी वर्षानुवर्षं चाललेली सूज. 'रोग कसा घडतो' हे दोन-तीन ओळींत उरकलं. स्वरूपापाशी ती घुटमळली आणि मॅडमच्या चहाच्या पेल्यामागची बरणी आठवली. मोठं, घट्ट, मेणासारखं फिकट मूत्रपिंड. त्यामागोमाग काँगो रेड हा तपासणीचा रंग आठवला, त्या रंगाने लाल दिसणारे साठे आणि ध्रुवित प्रकाशात त्यांची हिरव्या सफरचंदासारखी चमक.

गुंतागुंतीखालची जागा मात्र कोरी राहिली. पाठ केलेलं काहीच नव्हतं. पण रिकामा मथळा तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तिला तो एक साधा प्रश्न वाटला: बरं, हे साचलं कुठे? मूत्रपिंडाच्या गाळणीत. मग गाळणी बिघडणार, लघवीतून प्रथिनं वाहून जाणार, अंगावर सूज येणार, शेवटी मूत्रपिंड निकामी. हृदयाच्या भिंतीत साचलं तर? भिंत ताठ होणार, हृदय नीट भरणार नाही. जिभेत? जीभ मोठी होणार. पेन थांबेचना. हे कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच काढलं होतं, आणि परीक्षेच्या त्या दालनात तिला चक्क हसू आलं.

निकाल लागला त्या दुपारी जिस्मीने ओरडून अख्खा मजला गोळा केला. शिबिलाने तिरूरला फोन लावला.

"उम्मा, ऐक ना, सकाळी साइट उघडतच नव्हती, मग जिस्मी म्हणाली ग्रंथालयात जाऊ, तिथे तर ही गर्दी, आणि वत्सला मॅडम समोरून..."

शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"शिबिला," उम्मा म्हणाली, "आधी व्याख्या."

"पास."

पलीकडे उम्माने नाक ओढलं. "हां. आता सांग, साइट का उघडत नव्हती? सगळं सांग. सात पानं सांग."